जोडातले सोळा स्पर्श

रत्नागिरीच्या आमच्या घरात राउटर पुढच्या खोलीत आहे. तिथून मधल्या खोलीपर्यंत २२ मीटरची इथरनेट केबल दाराच्या चौकटीवरून पट्टीच्या आतून नेलेली आहे. टेबल मधल्या खोलीत होतं तोवर सगळं ठीक होतं. एका मे महिन्यात उकाड्याला कंटाळून मी टेबल पडवीत हलवलं आणि केबल सहा मीटर कमी पडली. नवी सलग केबल ओढायची तर पट्टी उचकटायची, म्हणजे रंगही गेला. म्हणून बाजारात गेलो. दुकानदार म्हणाला, "जॉइंटर लावा ना दादा, पाच मिनिटांचं काम." त्याने बोटभर लांबीची एक डबी आणि आठ मीटरची तयार केबल हातात ठेवली.

या डबीला कुणी जॉइंटर म्हणतं, कुणी कपलर. दोन्ही टोकांना राउटरला असतात तशी तोंडं, मधे काहीच नाही. दोन केबलींची टोकं दोन बाजूंनी खुपसायची, 'टक' असा आवाज झाला की झालं. हिला वीज लागत नाही, दिवा नसतो, आत कसलीही बुद्धी नसते. घेताना एकच काळजी घ्यायची. याच फळीवर तीन तोंडांची एक डबीही असते, एकात केबल घालायची आणि दोनांतून काढायची. तिच्या बहुतेक स्वस्त नमुन्यांत आठही तारा नुसत्या समांतर जोडलेल्या असतात आणि एका वेळी एकच यंत्र चालतं. दोन संगणक लावले की दोन्ही बंद. आपल्याला ती नको आहे.

घरी येऊन मी जोड केला. इंटरनेट लगेच सुरू झालं. स्पीड मोजला तर ९४. आमचं कनेक्शन २०० एमबीपीएसचं आहे आणि मधल्या खोलीत तेवढं यायचं. दुसऱ्यांदा मोजलं, ९३. रात्री मोजलं, पुन्हा ९४. भाचा म्हणाला, "मामा, जोड दिला की निम्मा स्पीड जाणारच." हे मी आधीही अनेकांकडून ऐकलं होतं, पाण्याच्या पाइपाला जोड दिला की दाब कमी होतो त्याच चालीवर. पण पाइपाची उपमा इथे दिशाभूल करते आणि ९४ हा आकडाच ते सांगत होता.

इथरनेटचा वेग नळाच्या धारेसारखा हळूहळू कमी होत नाही, त्याला पायऱ्या असतात. घरगुती यंत्रांत त्या १०, १०० आणि १,००० एमबीपीएसच्या, अलीकडच्या काही राउटरांत २,५०० चीही. केबल लावल्या लावल्या दोन्ही टोकांची यंत्रं आपसांत ठरवतात की आपण कुठल्या पायरीवर बोलायचं. एकदा ठरलं की त्या पायरीचा वेग ठरलेलाच. १,००० च्या पायरीवर कपलर लावला म्हणून वेग ८०० झाला, असं होऊच शकत नाही. १०० च्या पायरीवर मात्र प्रत्येक पाकिटाचं वेष्टन, पत्ते आणि दोन पाकिटांमधली सक्तीची मोकळी जागा वजा जाता हाती साधारण ९४ येतात. म्हणजे माझी केबल निम्म्यावर आली नव्हती, ती एक पायरी खाली घसरली होती. माझं कनेक्शन ५० चं असतं तर मला हे कळलंही नसतं.

पायरी का घसरली, हे समजायला केबलच्या आत डोकवावं लागतं. आत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्यांत पीळ घातलेल्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. १०० ची पायरी फक्त दोन जोड्यांवर चालते, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला, म्हणजे १,००० ला, चारही लागतात. गंमत अशी की सुरुवातीची ती बोलाचाली मात्र फक्त नारिंगी आणि हिरव्या जोडीवरूनच होते. समजा तपकिरी जोडीतली एक तार तुटली आहे. दोन्ही यंत्रं शाबूत जोड्यांवरून एकमेकांना सांगतात, "मला १,००० येतं," "मलाही येतं," आणि मग चार जोड्यांवर सुरुवात करायला जातात तर चौथी मुकी. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. काही यंत्रं अशा चार-दोन फेऱ्यांनंतर शहाणपणाने १०० वर उतरतात. काही हट्टी असतात, ती तशीच झगडत बसतात आणि केबलच्या तोंडाजवळचा दिवा लागतो-विझतो, लागतो-विझतो. माझी शहाण्यांतली निघाली.

पायरी कोणती हे अंदाजाने ठरवायची गरज नसते. विंडोजमध्ये इथरनेटच्या सेटिंगमध्ये Link speed या ओळीत ती लिहिलेली असते. लिनक्सवर एका आज्ञेत दिसते. eth0 च्या जागी आपल्या संगणकावरचं नाव घालायचं:

```
sudo ethtool eth0
```

माझ्याकडे उत्तरात Speed: 100Mb/s अशी ओळ आली. आता गुन्हेगार शोधायचा होता आणि संशयित तीन होते: जुनी केबल, नवी केबल आणि डबी. लॅपटॉप उचलून मी मधल्या खोलीत गेलो, डबीतून जुन्या केबलचं टोक काढून थेट लॅपटॉपला लावलं. 1000Mb/s. मग नवी केबल घेऊन पुढच्या खोलीत राउटरपाशी बसलो, तिचं एक टोक राउटरला, दुसरं लॅपटॉपला. पुन्हा 1000Mb/s. दोन्ही निर्दोष. दोघींना डबीत घातलं की १००. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण बरेच जण आधी डबीला दोष देऊन मोकळे होतात आणि खोट निघते घरी दाबून बसवलेल्या एखाद्या टोकात. माझ्याकडे मात्र डबीच निघाली. टॉर्च मारून तिच्या तोंडात पाहिलं. आठ सोनेरी तारा वाद्याच्या तारांसारख्या ओळीने तिरप्या उभ्या असतात. त्यांतली शेवटची, आठवी, बाकीच्यांपेक्षा खाली दबलेली होती. आठवी म्हणजे तपकिरी. केबलचं टोक आत गेलं तरी तिला टेकत नव्हतं.

दुकानदाराने कुरकुर न करता डबी बदलून दिली. नव्या डबीवर आकडा १,००० आला, स्पीड टेस्ट १९८ वर गेली, आणि भाचा काही बोलला नाही.

पण त्याच्या शंकेत थोडं तथ्य आहेच, ते असं उडवून लावणं बरं नाही. चांगल्या डबीतूनही संदेश काही अगदी जसाच्या तसा जात नाही. जुनी डबी परत करायच्या ऐवजी कापून पाहिली असती तर दिसलं असतं की आत तारांना पीळ नाही. कुठे आठ धातूच्या पट्ट्या शेजारी शेजारी सरळ जातात, कुठे छोट्या हिरव्या पाटीवर छापलेले मार्ग असतात. पिळाचं काम मोठं असतं. जोडीतल्या दोन तारांवर उलटसुलट वीज खेळते. बाहेरचा गोंगाट पिळामुळे दोघींवर सारखाच पडतो आणि पलीकडचं यंत्र दोघींतला फरक तेवढा घेतं, त्यामुळे गोंगाट वजा होतो. पीळ सुटला की शेजारच्या जोडीचं बोलणं या जोडीत ऐकू येऊ लागतं. त्याला क्रॉसटॉक म्हणतात. म्हणूनच केबलचं टोक बसवताना पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नये असा दंडक आहे.

दुसरी गोष्ट प्रतिध्वनीची. केबलचा विजेला होणारा अडथळा सगळीकडे एकसारखा, १०० ओहमचा, राखलेला असतो. डबीत तो जरा बदलतो आणि बदल आला की संदेशाचा थोडा भाग मागे उसळतो, विहिरीत हाक मारल्यावर येतो तसा. गिगाबिटमध्ये हे जास्त नाजूक, कारण तिथे प्रत्येक जोडीवर दोन्ही टोकांची यंत्रं एकाच वेळी बोलतात आणि स्वतःचा आवाज वजा करून समोरच्याचा ऐकतात. मागे उसळलेला स्वतःचाच आवाज ऐकण्यात मिसळतो.

तरी गिगाबिट डबीला का जुमानत नाही? याचं उत्तर लांबीत आहे. गिगाबिटचे सगळे हेलकावे १०० मेगाहर्ट्झच्या आतले, म्हणजे सेकंदाला फार तर दहा कोटी. तारेतून संदेश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. भागाकार केला की सर्वांत जलद हेलकाव्याची लांबीही दोन मीटर येते. आपली डबी तीन सेंटीमीटरची. दोन मीटर लांबीच्या लाटेला तीन सेंटीमीटरचा खडबडीतपणा म्हणजे समुद्राच्या लाटेला खडा. शिवाय यंत्रांतली चिप सुरुवातीलाच चाचणीचे संदेश पाठवून प्रतिध्वनी आणि क्रॉसटॉक किती आहेत हे शिकून घेते आणि पुढे ते वजा करत राहते. मुळात केबल मध्येच कुठे जोडली जाणार, हे मानक लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलेलं आहे. ऑफिसांतल्या केबलमार्गाची कमाल लांबी १०० मीटर असते आणि तेवढ्या अंतरात भिंतीतलं सॉकेट, रॅकमधली पॅनेल असे मिळून चार जोडांपर्यंत मुभा असते. ऑफिसात बसून जोडांना नावं ठेवणारा माणूस बहुधा दोन-तीन जोडांमधूनच इंटरनेट वापरत असतो.

दहा गिगाबिटचं प्रकरण मात्र वेगळं. तिथे हेलकावे ४०० मेगाहर्ट्झपर्यंत जातात, लाट अर्ध्या मीटरवर येते आणि तीन सेंटीमीटरची डबी तिच्या नजरेत भरू लागते. आवाजाच्या पायऱ्याही इतक्या बारीक असतात की थोडा गोंगाटही चुका करवतो. तिथे केबलइतक्याच दर्जाची, म्हणजे कॅट ६ए छापाची डबी हवी, आणि शक्य असेल तर जोडच नको. घरात गिगाबिटला कॅट ५ई ची डबी पुरते. महागड्या कॅट ६ केबलींमध्ये साधी डबी बसवली तर साखळीचा दर्जा डबीचा होतो, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

वेगाचं हे असं. भरवशाची गोष्ट मला दोन वर्षांनी कळली.

त्या जुलैत व्हिडिओ कॉलवर माझा आवाज तुटायला लागला. म्हणजे समोरचे म्हणायचे तुटतो, आणि मलाही त्यांची अक्षरं गाळलेली ऐकू यायची. स्पीड टेस्ट लावली तर कधी १९५, कधी १४०. पायरी पाहिली, 1000Mb/s. या खेपेला तार तुटलेली नव्हती, म्हणजे काहीतरी मधेच सुटत होतं.

इथरनेटच्या प्रत्येक पाकिटाच्या शेवटी चार बाइटांची एक पडताळणीची बेरीज असते. पोचलेल्या पाकिटावरून यंत्र ती पुन्हा काढतं आणि जुळली नाही तर पाकीट मुकाट्याने फेकून देतं. इथरनेट स्वतः ते परत मागवत नाही. फाइल उतरवत असाल तर वरच्या थरातला टीसीपी हरवलेला तुकडा पुन्हा मागवतो आणि आपला वेगही आवरतो, म्हणून आकडा डळमळतो. बोलण्याला मात्र परत मागवायला सवड नसते, अक्षरच गळतं. चांगल्या केबलवर फेकलेल्या पाकिटांचा आकडा दिवसेंदिवस शून्यावर राहतो. तो पाहायची आज्ञा अशी:

```
ip -s link show eth0
```

उत्तरात RX च्या खाली errors असा रकाना येतो. मी तो सकाळी दहाला कागदावर टिपला, अकराला पुन्हा पाहिला. तासाभरात सहाशेच्या वर वाढ होती. एक बारकावा: हा रकाना आपल्याकडे येताना मोडलेल्या पाकिटांचाच असतो. आपण पाठवलेली मोडली तर ती राउटरच्या रकान्यात दिसतात, आपल्या नाही. घरच्या बऱ्याच राउटरांत तो रकाना दाखवतच नाहीत. त्यामुळे इथे शून्य दिसलं तरी निम्मीच बाजू तपासून झाली असं समजावं.

मग मी एक जुनाच उपाय केला. डबीतून दोन्ही टोकं काढली आणि पुन्हा खुपसली. आकडा थांबला. चार दिवस एकही चूक नाही. पाचव्या दिवशी पुन्हा सुरू. काढून घातलं, पुन्हा तीन दिवस शांत. हे लक्षण ओळखायचं. तार तुटलेली असती तर काढून घालण्याने सहसा एवढा फरक पडला नसता. इथे दोष स्पर्शाचा होता.

डबीच्या एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला आठ, असे सोळा ठिकाणी धातूला धातू फक्त टेकलेला असतो. डाग दिलेला नाही, स्क्रू नाही, नुसता स्प्रिंगचा दाब. हवेने गंजू नये म्हणून त्या तारांवर निकेलच्या थरावर सोन्याचा मुलामा असतो. चांगल्या मालात तो ५० मायक्रोइंच, म्हणजे मिलिमीटरचा जवळपास आठशेवा भाग. स्वस्त मालात सोन्याची नुसती झाक. पातळ थराला बारीक छिद्रं असतात, त्यांतून ओल आणि खारी हवा खालच्या धातूपर्यंत जाते आणि गंज वर येतो. त्यात माझी डबी पडवीच्या खिडकीखाली लोंबकळत होती. वाऱ्याने केबल हलली की टेकलेली टोकं केसभर घासायची, सोनं झिजायचं आणि घासून निघालेली भुकटी मधे बसायची. टोक काढून घातलं की ती खरवडली जायची, म्हणून चार दिवस बरे जायचे.

टोकांच्या सोनेरी पट्ट्या भिंगाखाली पाहिल्या तर दोन काळसर आणि एकीच्या कडेला हिरवट छटा. डबी तर बदललीच, पण जुन्या केबलचं टोकही कापून नवीन बसवलं आणि आठ मीटरची केबल बदलली. फक्त डबी बदलून गंजलेली टोकं तिच्यात घातली असती तर नव्या सोन्याला जुना गंज घासत बसला असता. नवी डबी खिडकीपासून आत आणली, भिंतीला क्लिपने पक्की केली आणि दोन्ही बाजूंना केबलला अर्ध्या हाताची ढील दिली, म्हणजे टेबल सरकलं तरी ओढ जोडावर येत नाही. रकाना तेव्हापासून शून्यावर आहे.

तेव्हा जोड दिल्याने काय होतं, या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की वेग जात नाही, पण बिघडू शकणाऱ्या जागा सोळांनी वाढतात. कोरड्या खोलीत, न हलणाऱ्या केबलवर त्या सोळा जागा वर्षानुवर्षं गप्प राहतात. ओलीत, वाऱ्यात, दारामागे आपटणाऱ्या केबलवर त्या बोलतात. प्लास्टर करून भिंतीत डबी पुरणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. एरवी काढून घालता येणारी वस्तू त्यांनी कायमची अडकवून ठेवलेली असते.

डबीचा गैरसमज आणखी एका बाबतीत होतो. ती लांबी वाढवते पण पल्ला वाढवत नाही. ७० मीटर आणि ५० मीटर जोडले तर यंत्रांच्या दृष्टीने ती १२० मीटरची एकच केबल, आणि मर्यादा १०० चीच राहते. तिथे डबीच्या जागी पाच तोंडांचा छोटा स्विच ठेवायचा. तो संदेश वाचून नव्याने पाठवतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना १००-१०० मीटर नव्याने मिळतात. त्याला विजेचा प्लग लागतो, हीच काय ती अडचण. केबलमधूनच वीज घेणारे कॅमेरे असतील तर साधा स्विचही चालत नाही, कारण तो ती वीज पुढे देत नाही. कपलर देतो. म्हणून कॅमेरे बसवणारे कपलरच वापरतात. मात्र गंजलेल्या टोकातून वीजही वाहत असली की ते तापतं, म्हणून अशा ठिकाणी डबी जरा बऱ्यातली घ्यावी.

कॅमेऱ्यांवरून आठवलं. आमच्या आळीत गच्च्यांवरून गेलेल्या केबलींचे जोड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर चिकटपट्टी मारून टांगलेले दिसतात. पिशवी पाऊस अडवते खरी, पण केबलवरून ओघळत आलेलं पाणी पिशवीच्या तोंडातून आत शिरतं आणि तिथेच साठतं. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकांचा असा एक जोड मी सोडला तर पिशवीत घोटभर पाणी होतं आणि डबी त्यात बुडलेली. त्यांच्या गच्चीवर आता झाकणाची पाणीबंद डबी आहे. ती उंचावर ठोकली आहे, आणि दोन्ही केबली तिच्यात शिरण्याआधी वीतभर खाली झोळ घेऊन मग वर चढतात. पाणी झोळाच्या तळाशी येतं आणि तिथूनच ठिबकून जातं.